बँकेची शाखा: काउंटर आडवा घ्यावा की उभा?

प्रश्न: शाखेसाठी तळमजल्यावर 12 मीटर रुंद आणि 20 मीटर खोल जागा मिळाली आहे. समोर रस्ता, डावी भिंत शेजारच्या दुकानाशी सामाईक, उजवीकडे आमच्याच ताब्यातली 3 मीटरची मोकळी पट्टी. आत मधल्या रेषेवर दोन कॉलम आहेत. वरचे मजले दुसऱ्यांकडे आहेत. चार कॅश काउंटर, स्ट्राँगरूम, लॉकर, मॅनेजरची केबिन आणि आठ-दहा कर्मचारी बसवायचे आहेत. मी काउंटर आडवे घेतले, त्यांच्यामागे स्टाफ, आणि अगदी मागे डाव्या कोपऱ्यात स्ट्राँगरूम. पण लॉकरवाल्या ग्राहकाला स्टाफमधून न्यावं लागतंय आणि टॉयलेट कुठेही टाकलं तरी कुणाच्या तरी वाटेत येतंय. कुठे चुकतंय?

उत्तर:

काउंटर उभा फिरवा. म्हणजे दर्शनी भिंतीला समांतर न ठेवता रस्त्याकडून मागे जाणाऱ्या मधल्या रेषेवर घ्या. डावी बाजू ग्राहकांची, उजवी स्टाफची. तुमच्या बहुतेक अडचणी एवढ्यानेच सुटतील. असं का, आणि हे करताना कुठे कुठे अडकायला होतं, ते जरा विस्ताराने सांगतो.

आडवा काउंटर जागेचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करतो. पुढे ग्राहक, मागे स्टाफ. कागदावर हे अगदी स्वच्छ दिसतं. पण शाखेत दोन प्रकारचे ग्राहक येतात आणि त्यातल्या एकाला मागे जावंच लागतं, तो म्हणजे लॉकरवाला. लॉकर जाड भिंतीच्या आत असतात, जाड भिंत स्ट्राँगरूमपाशी असते आणि स्ट्राँगरूम मागे असते. त्यामुळे आडव्या मांडणीत त्याची वाट हमखास स्टाफमधून किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कॅशियरच्या पाठीमागून जाते. स्टाफचं नेमकं उलटं होतं. त्यांचं दार पुढेच असेल तर रोज सकाळी ते ग्राहकांच्या भागातून आत जातात. उभी रेषा मारली की दोन्ही बाजूंना पुढून मागेपर्यंत सलग वाट मिळते. तुमच्याकडे उजवीकडची मोकळी पट्टी आहे, म्हणून स्टाफची बाजू उजवी. ती पट्टी डावीकडे असती तर हाच नकाशा उलटा केला असता.

पण रेषा मारण्याआधी स्ट्राँगरूम पक्की करा. शाखेतली बाकीची प्रत्येक गोष्ट उद्या हलवता येते, ही येत नाही. काउंटर पाच वर्षांनी बदलतात, केबिन दर नव्या मॅनेजरबरोबर बदलते. स्ट्राँगरूम मात्र एकदा ओतली की ओतली.

तिचं वजन किती होतं ते एकदा मांडून बघा, म्हणजे जागेचा प्रश्न निम्मा सुटतो. समजा एकाच कवचात दोन खोल्या करायच्या: लॉकरसाठी आतून 4 बाय 3 मीटर, रोकडीसाठी 2.4 बाय 3 मीटर. भिंती, मधली भिंत आणि छत आर.सी.सी.चे, 300 मिलिमीटर जाड, उंची 3 मीटर. बाहेरून हे कवच 7.3 बाय 3.6 मीटरचं होतं. दारांची भोकं वजा केली तर भिंतींचं काँक्रीट सुमारे 20 घनमीटर आणि छताचं सुमारे 8. काँक्रीटचा घनमीटर अडीच टनांचा, म्हणजे झाले 70 टन. खालचा स्लॅबही तेवढाच जाड घेतला तर 90. दारं, तिजोऱ्या आणि लॉकरची कपाटं यात धरलेलीच नाहीत. खालचा स्लॅब सोडून पाहिलं तरी दर चौरस मीटरला अडीच टनांहून जास्त भार पडतो. साध्या ऑफिसचा मजला चौरस मीटरला 250 ते 400 किलोच्या हिशेबाने केलेला असतो.

म्हणून ओतीव काँक्रीटची स्ट्राँगरूम जमिनीवर, स्वतःच्या पायावर बसते. तुमचा तळमजला थेट जमिनीवर आहे की खाली तळघर आहे, हे प्रश्नात आलेलं नाही. तळघर असेल तर ओतीव खोलीचा विचार सोडा आणि तयार पॅनेलची खोली घ्या. ही पॅनेलं बरीच पातळ असतात आणि चाचणी करून त्यांना दर्जा दिलेला असतो. युरोपच्या EN 1143-1 या मानकात हा दर्जा जाडीवर ठरत नाही. कोणत्या अवजारांनी किती वेळात भोक पडतं, त्यावर ठरतो. पॅनेल घेतलं तरी त्याचा भार इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने मजल्यावर तपासायलाच हवा.

आता डावा कोपरा. तुमची स्ट्राँगरूम शेजारच्या दुकानाच्या भिंतीला चिकटली आहे. ती तिथून सोडवा. स्ट्राँगरूमच्या दारावर सगळे खूप खर्च करतात, आणि फोडणारा दाराकडे बहुधा फिरकतही नाही. 1971 मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या लॉइड्स बँकेच्या शाखेत चोरांनी दोन दुकानं पलीकडची जागा भाड्याने घेतली आणि सुमारे 12 मीटरचा बोगदा खणून तिजोरीखोलीच्या जमिनीतून वर आले. 2015 मध्ये लंडनच्याच हॅटन गार्डनमधल्या सेफ डिपॉझिटच्या तळघरात लिफ्टच्या खड्ड्यातून उतरून अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीला डायमंड ड्रिलने एकाला लागून एक अशी भोकं पाडली आणि तेवढ्या फटीतून माणसं आत शिरली. एका ठिकाणी फरशी गेली, दुसऱ्या ठिकाणी भिंत. दोन्हीकडे चोरांना निवांत काम करायला अशी जागा मिळाली, जिथे कुणाची नजर पोहोचत नव्हती. जाडी वेळ विकत घेते. त्या वेळात कुणाला तरी कळलं पाहिजे, नाहीतर विकत घेतलेला वेळ चोरालाच मिळतो.

म्हणून खोलीला सहा बाजू आहेत असं धरा आणि प्रत्येक बाजूच्या पलीकडे कोण आहे ते लिहून काढा. डावीकडे शेजारी आहे, तिथे सामाईक भिंत आणि आपली भिंत यांच्यात 75 सेंटिमीटरची फिरती वाट सोडा. मागेही तेवढीच सोडा. रोज शाखा उघडताना माणूस बॅटरी घेऊन तिथून एक फेरी मारू शकला पाहिजे. ही वाट पुढे स्टेशनरीची खोली होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे, त्यामुळे तिथे कप्पे करायला भिंतीत खुंटीसुद्धा देऊ नका. वर दुसऱ्याचा मजला आहे, म्हणून इमारतीचा स्लॅब हेच आपलं छत समजू नका. खोलीला स्वतःचं छत द्या आणि दोन्हींमध्ये मोकळी फट ठेवा. खाली जमीन आहे, ती सगळेच विसरतात. कंप ओळखणारे सेन्सर सहाही बाजूंना लावा. फक्त दाराला लावले तर त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि वरच्या मजल्यावर या खोलीच्या बरोबर वर टॉयलेट किंवा पाण्याची लाइन येत असेल तर खोली सरकवा. ओलावा चोरापेक्षा नियमितपणे येतो.

इतकं ठरलं की खोली आपोआप जागेवर बसते: मागच्या भिंतीपासून 75 सेंटिमीटर पुढे आणि डाव्या भिंतीपासून तेवढीच आत. उजवीकडे जवळजवळ 4 मीटर उरतात. दोन खोल्यांमधली जाड भिंत जागेच्या मध्यापासून थोडी डावीकडे, साधारण अर्धा-पाऊण मीटरवर येते. डावी खोली लॉकरची, उजवी रोकडीची, दोन्हींची दारं पुढच्या बाजूला आणि वेगवेगळी. आता काउंटरची रेषा कॉलमवरून मागे न्या आणि थोडं वळण देऊन त्या मधल्या भिंतीला भिडवा. ग्राहक आणि स्टाफ यांच्यातली सीमा रस्त्यापासून स्ट्राँगरूमच्या पोटापर्यंत अखंड झाली. लॉकरवाला डाव्या बाजूने सरळ मागे जाईल, सही करेल, जाळीचं दार उघडलं की आत जाईल आणि आल्या वाटेने परत येईल. रोकड त्याच्या नजरेलाही पडणार नाही. डाव्या भिंतीलगत त्याच्यासाठी दीड मीटरची वाट राखा. व्हीलचेअरला वळायला तेवढी लागतेच.

दाराबद्दल दोन गोष्टी बांधकाम सुरू होण्याआधी सांगून ठेवा. एक, दाराची चौकट काँक्रीट ओतण्याआधी उभी करून ओळंब्यात पक्की करायची असते, मागाहून बसवायची नसते. ती किंचित कलली तरी एक-दोन टनांचं दार आपोआप उघडतं किंवा मिटतं आणि रोज ते हाताने रोखावं लागतं. तपासणी सोपी आहे: दार अर्धवट उघडून हात काढून घ्या. जिथे सोडलं तिथेच थांबलं तर चौकट सरळ आहे. दोन, पुढच्या फरशीची जाडी आधीच ठरवा. दार बाहेर उघडतं, म्हणजे ते फरशीवरून फिरतं. ग्रॅनाइटचा थर ठरल्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर आला की दार अडतं, मग कुणीतरी तिथली फरशी घासून खड्डा करतो आणि रोकडीची ट्रॉली आयुष्यभर त्या खड्ड्यात आपटते. उंबरठा सपाट हवा.

ओतकामाच्या दिवशी साइटवर थांबा. भिंतीच्या शटरिंगला आरपार बोल्ट लावायची कंत्राटदारांची सवय असते. ते काढले की भिंतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं राहतात आणि ती सिमेंटने बुजवली की प्लास्टरखाली दिसेनाशी होतात. इथे आरपार बोल्ट चालणार नाहीत, असं लेखी द्या. विजेच्या आणि सेन्सरच्या नळ्या भिंतीतून सरळ नेऊ नका, दोनदा वळवून न्या. हवेच्या झरोक्यालाही तोच नियम. झरोका मात्र हवाच, कारण दार चुकून लागलं तर आत माणूस असू शकतो. आत फोन किंवा धोक्याचं बटण असू द्या, आणि दिव्याचं बटण आतही असू द्या.

आता काउंटर. तुमचे दोन कॉलम मधल्या रेषेवर आहेत, म्हणजे 20 मीटरचे तीन भाग होत असणार आणि दोन कॉलमांमध्ये सव्वासहा मीटरच्या आसपास मोकळी जागा मिळत असणार. एका कॅश काउंटरला दीड मीटर दिलं तर चार काउंटर बरोबर दोन कॉलमांच्या मध्ये बसतात. आडव्या मांडणीत हेच कॉलम तुमच्या हॉलच्या मधोमध उभे राहून रांगेत घुसले असते. उभ्या मांडणीत ते सीमेचा भाग झाले. कॅश काउंटर या मधल्या गाळ्यात, आणि खातं उघडणं, चौकशी, कर्ज अशी बसून बोलायची कामं रस्त्याकडच्या गाळ्यात. यात दोन फायदे आहेत. रोकड स्ट्राँगरूमपासून चार पावलांवर राहते, आणि मुख्य दारापासून लांब. रोकड दाराजवळ मांडणं म्हणजे हिसकावून पळणाऱ्याची सोय करणं.

काउंटरच्या पाठीमागे किती जागा सोडायची, यात नेहमी काटकसर होते. काउंटरची खोली 70 सेंटिमीटर, खुर्ची मागे सरकायला एक मीटर, आणि त्यामागे ट्रॉली व दुसरा माणूस आरामात जाईल अशी सव्वा मीटरची वाट. एकूण तीन मीटर. त्या वाटेत कात्री लावली तर काय होतं ते कुठल्याही दाटीच्या शाखेत दुपारी बघा. सुटे पैसे घ्यायला उठलेल्या कॅशियरला जाऊ देण्यासाठी शेजारचा कॅशियर उभा राहतो, आणि तेवढा वेळ दोन ड्रॉवर उघडे, दोघांची पाठ नोटांकडे. रोकडीची चूक बहुधा याच मिनिटात होते.

उंचीचाही घोळ असतो. बाहेर ग्राहक उभा असतो, त्याला 105 ते 110 सेंटिमीटर उंची बरी पडते. आत माणूस बसलेला असतो, त्याला 75. जुन्या शाखांमध्ये यावर उपाय म्हणून आतला मजला उचलायचे. तुम्ही तसं करू नका, कारण मग ट्रॉलीला उतार लागतो, स्टाफला रोज पायरी लागते आणि कॅश भागात कधी व्हीलचेअरवरचा कर्मचारी बसूच शकत नाही. मजला सपाट ठेवा, ग्राहकाच्या बाजूला 105 वर एक अरुंद फळी द्या आणि चारपैकी एक काउंटर दोन्ही बाजूंनी 75 ते 80 वर ठेवून खाली गुडघे जातील एवढी पोकळी सोडा. तो काउंटर वाटेच्या टोकाला घ्या, म्हणजे व्हीलचेअरला रांगेत वळणं घ्यावी लागणार नाहीत. नोटा मोजायचं यंत्र कॅशियरच्या डाव्या-उजव्या हाताला असावं, पण उघडा ड्रॉवर रांगेतून दिसता कामा नये. हे नकाशात कळत नाही. रांगेत उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, साधारण दीड मीटरवरून, एक छेद काढून बघा.

रांगेला जागा किती सोडायची, हा प्रश्न बहुतेक आर्किटेक्ट अंदाजाने सोडवतात, आणि तिथेच हॉल एकतर ओस पडतो नाहीतर गच्च भरतो. याचं गणित आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने ते टेलिफोन एक्स्चेंजसाठी केलं होतं, 1917 मध्ये. तुमच्यापुरतं ते असं चालतं.

समजा गर्दीच्या तासात 48 ग्राहक रोकडीसाठी येतात आणि एकाला सरासरी 4 मिनिटं लागतात. चार काउंटर मिळून तासाला 60 जण होऊ शकतात, म्हणजे काउंटर 80 टक्के वेळ कामात. हे ऐकून वाटतं की रांग लागणारच नाही. पण लोक ठरावीक अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. सूत्रात घातलं तर सरासरी दोन-अडीच माणसं थांबलेली असतात आणि थांबायची वेळ 3 मिनिटांच्या आसपास येते. आता सरासरीवर जागा ठरवली तर फसाल. दहा किंवा जास्त माणसं थांबलेली असण्याची वेळ सुमारे 6 टक्के असते, पंधरा किंवा जास्त असण्याची सुमारे 2 टक्के. मी पंधरा धरतो. त्याहून जास्त झाले तर तेवढ्या वेळी लोक दाटीवाटीने उभे राहतात आणि ते चालतं.

एक माणूस रांगेत 60 सेंटिमीटर घेतो. पंधरा माणसांची 9 मीटर रांग, 90 सेंटिमीटरच्या तीन पदरांत दुमडली तर 3 मीटर लांब आणि 2.7 मीटर रुंद, वळणांना थोडी जास्त. तुमच्या डाव्या बाजूची रुंदी साधारण 6 मीटर. त्यातून लॉकरची दीड मीटर वाट गेली. काउंटरसमोर दीड मीटर मोकळं ठेवायचं, म्हणजे मागच्याला पुढच्याची रक्कम ऐकू जात नाही. उरले 3 मीटर. रांग बरोबर बसते. नाही बसली असती तर टोकन आणि खुर्च्या हा मार्ग होता, पण बसलेला माणूस उभ्यापेक्षा जास्त जागा घेतो हे ध्यानात ठेवा. खुर्च्या पुढच्या गाळ्यात घ्या. ज्यांना उभं राहता येत नाही आणि ज्यांना कर्जाबद्दल बोलायचंय, दोघांची सोय होते.

रांग एकच ठेवा आणि ती चारही काउंटरना वाटा. प्रत्येक काउंटरसमोर वेगळी रांग लावली, आणि लोक रांग बदलत नाहीत असं धरलं, तर याच आकड्यांवर थांबायची वेळ 3 मिनिटांवरून 16 वर जाते. प्रत्यक्षात लोक शेजारच्या छोट्या रांगेत उडी मारतात, त्यामुळे फरक एवढा राहत नाही. पण ती उडी मारण्यावरून भांडण होतं, तो हिशेब सूत्रात नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्या. एक कॅशियर रजेवर गेला तर तीन काउंटर तासाला 45 जण करतात आणि येणारे 48. आता कुठलंही सूत्र लावा, रांग वाढतच जाते आणि गर्दी ओसरेपर्यंत कमी होत नाही. जेवणाच्या वेळी अर्धा तास दोनच काउंटर चालले तर तेवढ्यात नऊ-दहा माणसं साचतात. हा प्रश्न जागा वाढवून सुटत नाही, माणूस आणून सुटतो. नकाशात तुम्ही एवढंच करू शकता की ही जादा माणसं खुर्च्यांच्या दिशेने साचतील, मुख्य दाराकडे किंवा लॉकरच्या वाटेवर साचणार नाहीत. त्यासाठी रांगेचं शेपूट पुढच्या गाळ्याकडे, पण भिंतीपासून दूर काढा. आणि 48 व 4 हे माझे मानलेले आकडे आहेत. तुमच्या बँकेकडे जवळच्या एखाद्या शाखेची व्यवहारांची नोंद असेलच, तिच्यातून तासागणिक आकडे काढा. महिन्याच्या पहिल्या आठवड्याचे घ्या, मधल्याचे नको.

राहिली स्टाफची बाजू, म्हणजे उजवीकडचे 6 मीटर. इथे तीन प्रकारची माणसं वावरतात आणि त्यांना एकच पट्टी देऊन चालत नाही. कॅशियर, बाकीचा स्टाफ, आणि बाहेरून आत येणारे: सफाईवाले, एसीवाला, संगणक दुरुस्त करणारा. कॅशियरचा भाग काउंटरपासून 3 मीटरवर एका पडदीने बंद करा. त्याला एकच दार, आणि मागे स्ट्राँगरूमसमोरच्या छोट्या लॉबीत उघडणारी जाळी. उरलेल्या 3 मीटरमध्ये उजव्या भिंतीला लागून बाकीचा स्टाफ बसतो, त्याला खिडक्यांचा उजेडही मिळतो, आणि पडदीच्या बाजूने सव्वा मीटरची वाट पुढून मागे जाते. मागे स्ट्राँगरूमच्या उजवीकडे ते 4 मीटर उरलेत, तिथे तिच्या भिंतीलगत पुन्हा सव्वा मीटरची वाट सोडून पलीकडे टॉयलेट आणि चहा-डब्याची खोली. त्यांची हवा आणि पाइप थेट तुमच्या मोकळ्या पट्टीत निघतात, आणि पाण्याची लाइन स्ट्राँगरूमच्या भिंतीला शिवत नाही. तुमचं टॉयलेट कुणाच्या तरी वाटेत येत होतं, कारण मागची सगळी रुंदी तुम्ही स्टाफ आणि स्ट्राँगरूमला देऊन बसला होतात.

सर्व्हर, विजेचा मुख्य बोर्ड आणि बॅटऱ्या कॅश भागाच्या आत कधीही घेऊ नका. दुरुस्तीवाला येणार तो कामाच्या वेळेत येणार, आणि दोन तास कॅशियरच्या पाठीमागे शिडी लावून बसणार. एसीचं आतलं युनिटही कॅश भागाच्या छतात नको, पुढच्या वाटेच्या छतात घेऊन तिथून हवा आत सोडा.

स्टाफचं दार उजव्या भिंतीत, मोकळ्या पट्टीत उघडणारं. मी ते कॉलमच्या दुसऱ्या गाळ्याच्या शेवटी, म्हणजे स्ट्राँगरूमच्या लॉबीसमोर घेईन. दाराआड दीड बाय दीड मीटरची कोंडी करा: पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. रोकडीची गाडी आली की माणसं पट्टीतून चालत इथे येतात आणि ट्रॉली स्टाफची वाट फक्त आडवी ओलांडून लॉबीत शिरते. ग्राहकांच्या भागाशी तिचा संबंधच येत नाही. पण ही पट्टी रस्त्यावरून दिसते का, ते स्वतः जाऊन संध्याकाळी बघा. वाकडी, अंधारी किंवा दुसऱ्यांच्या वापरातली असेल तर मी स्टाफला तिथून आणेन, रोकड मात्र शाखा उघडायच्या आधी मुख्य दारानेच घेईन. निर्जन मागच्या दाराने रोकड आणणं कागदावर शिस्तीचं दिसतं, पण चार माणसं जिथे दिसत नाहीत तिथे गाडी उभी करायला मला आवडत नाही.

हेच दार आगीच्या वेळी सुटकेचंही दार आहे, त्यामुळे कोंडीची दोन्ही दारं आगीच्या अलार्मबरोबर मोकळी झाली पाहिजेत आणि आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. कॅश भागाच्या दाराचंही तेच. सुरक्षेचा सल्लागार आणि अग्निशमनवाले इथे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, म्हणून दोघांना एकाच बैठकीत बसवा, वेगवेगळं विचारू नका.

मॅनेजरची केबिन पुढच्या गाळ्यात, सीमारेषेवर. त्याला दार, खुर्च्या आणि रांगेचं शेपूट दिसलं पाहिजे, म्हणून हॉलकडची बाजू काचेची. इथे एक जुनं भगदाड आहे. केबिनला एक दार ग्राहकांकडून आणि एक स्टाफकडून हवंच असतं, आणि दोन दारांची खोली म्हणजे रस्ता. थोड्याच दिवसांत ओळखीचे ग्राहक केबिनमधून स्टाफकडे ये-जा करू लागतात, मग कागद घेऊन येणारा शिपाई, मग कुणीही. स्टाफकडच्या दाराला कार्ड लावा आणि ते दार मॅनेजरच्या खुर्चीच्या मागे घ्या, बाजूला नको. मॅनेजरला ओलांडून कुणी सहसा जात नाही.

एटीएम ठेवणार असाल तर उजवा पुढचा कोपरा. पुढून ग्राहक रस्त्यावरून येतो, मागून पैसे भरायची छोटी बंद खोली स्टाफच्या वाटेवर उघडते. रोकड तिथपर्यंत स्टाफच्या पट्टीतून जाते, आणि ती वेळ काउंटर उघडण्याआधीची ठेवायला सांगा.

आता नकाशा परत काढलात की चार रंगांच्या पेन्सिली घ्या. एकीने साधा ग्राहक, दुसरीने लॉकरवाला, तिसरीने स्टाफ, चौथीने रोकड. प्रत्येकाची दिवसभराची वाट आखा, सकाळी शटर वर जाण्यापासून संध्याकाळी स्ट्राँगरूम बंद होईपर्यंत. सफाईची वेळही त्यात घ्या. ग्राहकाचा रंग आणि रोकडीचा रंग फक्त काउंटरच्या फळीवर भेटला पाहिजे. स्टाफचा आणि रोकडीचा दोन ठिकाणी भेटेल, कोंडीपाशी आणि एटीएमच्या वाटेवर, आणि दोन्ही वेळा ठरलेल्या असतील. लॉकरवाल्याचा रंग कुणालाच ओलांडणार नाही, मुख्य दाराजवळ साध्या ग्राहकाला सोडून. याखेरीज कुठली गाठ दिसली तर आधी दारं हलवून बघा, भिंती नंतर.

इंजिनिअरकडे मात्र हे सगळं पूर्ण व्हायची वाट बघू नका. स्ट्राँगरूमची जागा, 90 टनांचा अंदाज आणि जवळच्या कॉलमच्या पायांचे जुने नकाशे आजच पाठवा. नवा पाया जुन्या पायावर चढत असेल तर खोली अर्धा मीटर सरकवावी लागेल, आणि ती सरकली की काउंटरच्या रेषेचं वळण बदलेल.